रिपोर्टमध्ये एकही ओळ नाही: मेल पाठवायचा की थांबवायचा?

मे महिन्यातली दुपार होती. मी तेव्हा कोल्हापुरात एका दूध संघाच्या माहिती विभागात होते. आमच्याकडून रोज सकाळी आणि रात्री ‘नाकारलेलं दूध’ या नावाचा रिपोर्ट आपोआप मेलवर जायचा. कोणत्या शीतकरण केंद्रावर, कोणत्या संस्थेचा, किती लिटरचा कॅन खराब निघाला आणि परत पाठवला, एवढीच माहिती त्यात असायची. नदीकाठच्या एका केंद्रावरच्या पर्यवेक्षकांचा फोन आला.

“मॅडम, आमच्याकडं रोज तीन-चार कॅन परत जायला लागल्यात, आणि तुमच्या रिपोर्टात आमच्या केंद्राचं नावच न्हाई बघा. काय भानगड हाय ओ?”

शोध घेतला तेव्हा कळलं की त्या केंद्राच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला होता, त्यामुळे फाईल आमच्या सर्व्हरवर चढतच नव्हती. सहा दिवस झाले होते. त्या सहा दिवसांत कोणालाच शंका आली नाही, कारण रिपोर्टला ‘ओळी नसतील तर पाठवू नकोस’ असं सांगून ठेवलेलं होतं. काही दिवस बाकीच्या केंद्रांवरही दूध चांगलं होतं, तेव्हा मेल आलाच नाही. काही दिवस इतर केंद्रांच्या ओळी होत्या, तेव्हा मेल आला, पण त्यात हे केंद्र नव्हतं. गुणवत्ता विभागाच्या साहेबांनी दोन्ही वेळा एकच अर्थ काढला, की तिथं सगळं ठीक आहे. उन्हाळ्यात गाडी तासभर उशिरा आली तरी दूध आंबतं. त्या मार्गावरची गाडी नेमकी उशिरा येत होती, आणि ते सांगणारा कागदच गायब होता.

ज्यांनी नुकतंच रिपोर्ट लावायचं काम हातात घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ‘रिकामा रिपोर्ट पाठवायचा की नाही’ हा प्रश्न टूलमधल्या एका टिकचा वाटतो. मेटाबेस या रिपोर्टिंग टूलमध्ये तर ती टिक आयती मिळते, `Don't send if there aren't results` या नावाची. पण टिक लावण्याआधी बरंच काही ठरवावं लागतं. आमचंच उदाहरण घेऊन ते क्रमानं सांगते.

आधी रिकामेपणाचा अर्थ लिहून काढा

वहीत एक वाक्य लिहा: ‘या रिपोर्टमध्ये आज शून्य ओळी आल्या, म्हणजे ...’ आणि ते पूर्ण करा. आमच्या बाबतीत ते वाक्य दोन तऱ्हांनी पूर्ण होत होतं. ‘म्हणजे आज एकही कॅन खराब निघाला नाही’ ही एक तऱ्हा आणि ‘म्हणजे आज केंद्रांकडून माहितीच आली नाही’ ही दुसरी. पहिली बातमी चांगली, दुसरी वाईट, आणि रिपोर्टच्या टेबलात दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. टेबलाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी त्यांतली कोणती खरी ते कळणार नाही. ते दुसरीकडूनच शोधावं लागतं.

सगळेच रिपोर्ट असे नसतात. दूध संकलनाचाच रिपोर्ट घ्या. म्हैस दिवाळीला सुट्टी घेत नाही, त्यामुळे चालू केंद्रावर सकाळचं दूध शून्य असं होतच नाही. अशा रिपोर्टमध्ये शून्य ओळी म्हणजे नेहमीच बिघाड, त्यामुळे तो रिकामा पाठवायचाही नाही आणि गुपचूप थांबवायचाही नाही. तिथं थेट ‘माहिती आली नाही’ असा इशारा गेला पाहिजे. डोकं चालवावं लागतं ते शून्य खरंही असू शकतं अशा रिपोर्टसाठी: नाकारलेलं दूध, परत आलेला माल, थकलेली बिलं, तक्रारी.

केंद्राकडून फक्त खराब कॅन मागू नका, तपासलेलेही मागा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नवीन माणूस नेमकं हेच गाळतो. आमची केंद्रं फक्त नाकारलेल्या कॅनची यादी पाठवायची. ज्या दिवशी एकही कॅन खराब नाही, त्या दिवशी फाईलच तयार व्हायची नाही. म्हणजे चांगला दिवस आणि बंद पडलेला कॉम्प्युटर यांत फरक करायला आम्हाला काही साधनच नव्हतं.

आम्ही दोन बदल करून घेतले. एक, फाईल रोज आलीच पाहिजे. नाकारलेला कॅन नसला तर फक्त मथळ्याची ओळ असलेली फाईल यावी. दुसरा बदल जास्त कामाचा ठरला: फाईलच्या शेवटी एक बेरजेची ओळ यावी आणि तिच्यात त्या वेळी एकूण किती कॅन तपासले आणि किती नाकारले हे दोन आकडे असावेत.

आता ‘० नाकारले’ याला वजन येतं. ‘२१२ कॅन तपासले, ० नाकारले’ हे ऐकून साहेब निर्धास्त होऊ शकतात. ‘० तपासले, ० नाकारले’ असं आलं तर मात्र फाईल वेळेवर येऊनही काहीतरी चुकलंय. एकदा तसंच झालं होतं. प्रोग्रॅम चालला, फाईल बनली, पण तपासणीच्या नोंदी दुसऱ्या फोल्डरमध्ये जात होत्या. बेरजेची ओळ नसती तर तो दिवस आम्ही ‘शून्य खराब’ म्हणून सोडून दिला असता.

तुमचं काम दुधाचं नसेलही, पण जोडीचा आकडा सगळीकडे सापडतो. नवीन तक्रारी शून्य असतील तर किती बिलं झाली ते बघा. परत आलेला माल शून्य असेल तर किती माल बाहेर गेला ते बघा. ज्या शून्याला जोडीचा आकडाच नाही, त्यावर मी स्वतः कधी सही करत नाही.

‘काय आलं’ यासोबत ‘काय यायला हवं होतं’ हेही टेबलात ठेवा

यासाठी दोन छोटी टेबलं लागतात. `expected_centre` मध्ये ज्या केंद्रांकडून फाईल यायला हवी त्यांची यादी. `load_log` मध्ये प्रत्येक फाईल चढली की एक नोंद: केंद्र, दुधाची तारीख, सकाळ की संध्याकाळ, तपासलेले, नाकारलेले, चढल्याची वेळ. ही नोंद आणि प्रत्यक्ष ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. नाहीतर ओळी अर्ध्यात अडकतात आणि नोंद मात्र ‘झालं’ म्हणून बसते. दुधाची तारीख फाईलच्या आतून घ्या. फाईल कधी आली यावरून ती ठरवू नका, कारण कधीकधी कालचीच फाईल आज परत चढवली जाते.

मग प्रत्येक केंद्राची अवस्था एका क्वेरीत निघते:

```sql
SELECT e.centre_code,
       CASE
         WHEN l.centre_code IS NULL THEN 'MISSING'
         WHEN l.tested = 0          THEN 'SUSPECT'
         WHEN l.rejected = 0        THEN 'ZERO'
         ELSE 'HAS_ROWS'
       END AS state
FROM expected_centre e
LEFT JOIN load_log l
  ON  l.centre_code = e.centre_code
  AND l.batch_date  = :report_date
  AND l.shift       = :shift;
```

तारीख आणि पाळीची अट `ON` मध्येच ठेवलीय, तिकडे नीट बघा. ती खाली `WHERE` मध्ये नेली, तर ज्या केंद्राची नोंदच नाही ते केंद्र निकालातून गळून जातं, कारण त्याच्या ओळीत तारीख रिकामी असते आणि रिकामी तारीख कोणत्याच अटीत बसत नाही. म्हणजे जे केंद्र पकडायला ही क्वेरी लिहिली, नेमकं तेच नाहीसं होतं. ही चूक मी स्वतः केलीय, आणि नव्या सहकाऱ्यांच्या कामात तर दर वेळी शोधते.

अवस्था केंद्रागणिक काढायची, सगळ्या रिपोर्टची मिळून एक नव्हे. आमचे ते सहा दिवस याचमुळे गेले. रिपोर्टमध्ये एकूण पाच ओळी आहेत एवढं बघून टूलनं तो ‘भरलेला’ ठरवला, आणि त्या पाचही ओळी दुसऱ्या केंद्रांच्या होत्या.

टूलच्या टिकेवर विसंबू नये याचं आणखी एक कारण आहे. रिपोर्टची क्वेरी `SELECT COUNT(*)` अशी असेल, तर खराब कॅन नसतानाही एक ओळ येतेच, आणि तिच्यात ० लिहिलेलं असतं. टूलच्या लेखी तो रिपोर्ट रिकामा नाही, म्हणून मेल जातो. त्याच क्वेरीला `GROUP BY centre_code` लावलं की तशा दिवशी एकही ओळ येत नाही आणि मेल थांबतो. क्वेरीचा आकार बदलला एवढ्यावर मेल जाणं-न जाणं बदलू लागलं, तर ठरवणारे तुम्ही राहत नाही.

पूर आला तेव्हा

‘फाईल आली नाही म्हणजे बिघाड’ हा नियम कोल्हापुरात पावसाळ्यात मोडतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी तिकडे सरकायला लागलं की काठची केंद्रं बंद व्हायला लागतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ काही दिवस बंद होता. टँकर जाणार कुठून? अशा वेळी रोज दोनदा ‘माहिती आली नाही’ असा इशारा गेला, तर आधीच पुरात गुंतलेली माणसं तो बघणंच सोडतील.

म्हणून बंद केंद्रांसाठी तिसरं टेबल ठेवा: केंद्र, कधीपासून, कधीपर्यंत, कारण, कोणी सांगितलं. ते क्वेरीला वरच्यासारखंच जोडा आणि `CLOSED` ही अवस्था वाढवा. यात ‘कधीपर्यंत’ हा रकाना सक्तीचा करा. पाणी कधी उतरेल हे कोणालाच सांगता येत नाही, तरी तीन दिवस लिहा आणि लागलं तर वाढवा. तारीख मोकळी सोडली की पूर ओसरतो, केंद्र चालू होतं, आणि रिपोर्ट मात्र त्याला बंदच समजत राहतो. उलटी तपासणीही लावा: ‘बंद’ असलेल्या केंद्राची फाईल आली, तर ती बातमी म्हणून कळली पाहिजे.

आता वाचणाऱ्यांकडे बघा

एवढं झाल्यावर कुठे मूळ प्रश्नाशी येतो: शून्य खरंच आहे हे पक्कं झालंय, मग मेल पाठवायचा का? याचं उत्तर रिपोर्टवर नाही, वाचणाऱ्यावर ठरतं.

केंद्राच्या पर्यवेक्षकांना शून्याचा मेल नको असतो. कॅन त्यांच्या डोळ्यांसमोर उतरलेले असतात. कॅन परत गेला असेल तरच त्यांना संस्थेला कळवायचं असतं. त्यांच्यासाठी खरं शून्य थांबवा.

गुणवत्ता विभागाच्या साहेबांचं वेगळं. ते केंद्रावर नसतात. मेल आला नाही तर ते त्यातून काहीतरी अर्थ काढतातच. मी त्यांना सरळ विचारलं होतं, “उद्या मेल आला नाही, तर तुम्ही फोन कराल का?” ते म्हणाले, “नाही, मी समजेन सगळं ठीक आहे.” जो माणूस शांततेला ‘ठीक’ समजतो, त्याला मेल गेलाच पाहिजे, शून्य असला तरी. नवीन रिपोर्ट लावताना हा प्रश्न प्रत्येक वाचणाऱ्याला विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

मग सगळ्यांनाच रोज पाठवलं तर काय बिघडतं? सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याला साठ मेल होतात. त्यांतले पन्नास शून्याचे असले, तर महिनाभरात माणूस त्या नावाचे मेल उघडणं बंद करतो किंवा नियम लावून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. मग ज्या दिवशी खरंच अकरा कॅन परत जातात, तो मेलही त्याच फोल्डरमध्ये न उघडता पडून राहतो. म्हणून साहेबांसाठी आम्ही पाळीनिहाय मेल बंद केले आणि दोन्ही पाळ्यांचा मिळून दिवसाला एकच ठेवला. पर्यवेक्षकांना शून्याचे मेल थांबवले, पण सोमवारी सकाळी एक हिशेब जातो: ‘गेल्या आठवड्यात १४ पाळ्या, १४ फाईली आल्या, ११ पाळ्यांत शून्य, ३ पाळ्यांत मिळून ७ कॅन.’ पर्यवेक्षकांना माहीत असतं की सोमवारी हा मेल येतोच. नाही आला तर ते फोन करतात. रिपोर्ट पाठवणारा सर्व्हरच झोपला असेल, तर तो स्वतःहून सांगू शकत नाही. तेव्हा हा ठरलेल्या वेळेचा मेल न आल्यानंच ते कळतं.

`MISSING` आणि `SUSPECT` या अवस्था मात्र कधीच थांबवायच्या नाहीत. माहिती विभागाला लगेच इशारा जातो, आणि साहेबांच्या मेलमध्ये त्या केंद्रासमोर ‘माहिती आली नाही’ असं लिहिलेलं असतं. तिथं ० छापू नका. ० हा आकडा आहे आणि वाचणारा त्याची बेरीज करतो.

विषयाची ओळ

मोबाईलवर बहुतेक जण मेल उघडत नाहीत, विषय वाचून पुढे सरकतात. म्हणून सगळं तिथंच दिसू द्या:

```text
नाकारलेलं दूध | १४ मे | ० कॅन | ४ पैकी ४ केंद्रांची माहिती आली
नाकारलेलं दूध | १५ मे | २ कॅन | ४ पैकी ३ केंद्रांची माहिती आली
```

दुसरी ओळ वाचणारा माणूस थांबतो. आमच्या जुन्या मेलचा विषय रोज एकच असायचा, ‘दैनिक रिपोर्ट’. तो सहा दिवस उघडला असता तरी काही कळलं नसतं, आणि न उघडताही काही कळत नव्हतं.

किती वाट बघायची

सकाळची फाईल साधारण कधी चढते हे अंदाजानं ठरवू नका, `load_log` मधल्या गेल्या तीस दिवसांच्या वेळा काढा. आमच्याकडे बहुतेक फाईली साडेदहाच्या आत यायच्या, एखादी अकराला पाच कमी असताना. रिपोर्ट आधी साडेदहाला लावलेला होता, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी खोटा इशारा जायचा. तो सव्वाअकराला नेला. तरीही फाईल नसेल, तर दर दहा मिनिटांनी परत बघायचं, पावणेबाराला थांबायचं आणि आहे त्या अवस्थेसह मेल पाठवायचा. उशिरा आलेली फाईल नंतर ‘सुधारित’ या शब्दासह जाते.

उशिरा येणाऱ्या फाईलींमुळे आणखी एक गोष्ट बिघडते. ‘मागच्या रननंतरच्या नवीन ओळी’ असा रिपोर्ट असेल, तर ‘नवीन’ हे दुधाच्या वेळेवर ठरवू नका, ओळ डेटाबेसमध्ये चढल्याच्या वेळेवर ठरवा. दुधाच्या वेळेवर ठरवलं, तर मंगळवारचं दूध बुधवारी चढलं की त्याची वेळ मागच्या रनच्या आधीची निघते आणि त्या ओळी कुठल्याच मेलमध्ये येत नाहीत. आणि मेल थांबवला त्या दिवशी ही खूण आत्ताच्या वेळेपर्यंत पुढे ढकलू नका. वाचलेल्या शेवटच्या ओळीच्या चढल्याच्या वेळेपर्यंतच न्या. ओळ नसेल तर होती तिथंच ठेवा.

सर्व्हरचं घड्याळही बघून घ्या. तो यूटीसीवर असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते. संध्याकाळच्या दुधाचा रिपोर्ट पहाटे पाचला लावला आणि क्वेरीत `current_date - 1` लिहिलं, तर परवाची नोंद सापडते, सगळी केंद्रं आलेली दिसतात आणि इशारा जातच नाही. म्हणून तारीख बाहेरून `:report_date` म्हणून द्या.

थांबवलेल्या मेलचीही नोंद ठेवा

मेल जाणूनबुजून थांबवला आणि मेल पाठवताना प्रोग्रॅम पडला, या दोन्हींचा परिणाम बाहेरून एकच दिसतो: मेल नाही. म्हणून प्रत्येक रनची एक ओळ `send_log` मध्ये लिहा: कधी चालला, प्रत्येक केंद्राची अवस्था काय, कोणाला पाठवला, कोणाला का थांबवला. दोन महिन्यांनी कोणी विचारलं, “अठरा तारखेचा मेल मला का नाही आला?”, तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं.

चालू करण्याआधी चार चाचण्या

चाचणीच्या डेटाबेसवर एकाच केंद्राच्या चार फाईली चढवा. पहिलीत दोन खराब कॅन आणि बेरजेची ओळ. दुसरीत नुसता मथळा आणि ‘२१२ तपासले, ० नाकारले’. तिसरीत मथळा आणि ‘० तपासले, ० नाकारले’. चौथ्या वेळी फाईल चढवूच नका. चारही वेळा पर्यवेक्षक आणि साहेब अशा दोन्ही पत्त्यांवर काय आलं ते छापून शेजारी शेजारी ठेवा. पर्यवेक्षकांकडे दुसऱ्या वेळी काहीच यायला नको. साहेबांकडे चारही वेळा मेल यायला हवा आणि दुसऱ्या मेलचा विषय बाकीच्या तिन्हींपासून वेगळा दिसायला हवा. आमच्या पहिल्या प्रयत्नात दुसरा आणि चौथा विषय सारखाच निघाला, कारण `MISSING` असलेल्या केंद्राचे नाकारलेले कॅन मोजताना मी रिकाम्या जागी ० भरत होते. ती ओळ काढली, चाचणी परत घेतली, आणि मगच त्या पर्यवेक्षकांना फोन करून सांगितलं की उद्यापासून तुमच्या केंद्राचं नाव रोज साहेबांसमोर दिसेल, फाईल आली तरी आणि नाही आली तरी.